उत्तर: किनारा सरकला तरी पूल मागे का कलतो?

> "भूकंपात किनाऱ्याची माती नदीकडे सरकली तर पुलाच्या टोकाचा आधार, म्हणजे अ‍ॅबटमेंटही, नदीकडेच कलायला हवं ना?"

माझाही आधी हाच समज होता. पण २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतरचे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचे फोटो बघा. तिथे एव्हन नदीवरच्या साउथ ब्रायटन पुलाची अ‍ॅबटमेंटं चक्क मागे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला कललेली दिसतात. कारण दोन्ही काठ एकाच वेळी आत येतात आणि मधला डेक, म्हणजे वाहनं जातात तो पुलाचा आडवा भाग, टेकूसारखा अडून बसतो. त्यामुळे वरचं टोक जागीच अडतं, आणि हादऱ्यांनी द्रवरूप झालेल्या थरावरची, स्वतः द्रवरूप न झालेली माती पायाला पाण्याकडे ढकलत राहते. सगळ्यात जास्त वाकणं मग पाइलच्या, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांच्या माथ्याशी, त्यांना जोडणाऱ्या पाइल कॅपच्या खालीच गोळा होतं.

म्हणून पाहणीला गेलात तर वरून पूल शाबूत दिसला म्हणून परत फिरू नका (वाहनं चालतात, सगळे खूश!). काठाला समांतर भेगा आणि मागे कललेली भिंत दिसली, तर कॅपखाली खणून पाइल बघायलाच हवेत. अर्थात डेक मजबूत आणि सलग असेल तरच हे घडतं. डेकखालच्या तुळया, म्हणजे गर्डर, नुसते टेकवलेले असतील तर ते बैठकीवरून निसटतात, जसे १९६४ च्या भूकंपात जपानमधल्या निगाताच्या शोवा पुलाचे नदीत पडले.