‘कबुलीजबाब’ नव्हे, तर मग काय? (शब्दचर्चा)

रेघोटी :
एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. लेखात एका खुनाच्या तपासाची हकीकत आहे. घटना पाहिलेल्या एका भाजीविक्रेत्या बाईंनी आधी पोलिसांपुढे आणि नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ‘स्टेटमेंट’ दिले. दुसऱ्या ठिकाणी मी ‘कबुलीजबाब नोंदवला’ असे लिहिले होते. संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहिले : ‘या बाईंनी नेमके काय कबूल केले?’ वाचून ओशाळले खरी, पण ‘कलम १६४ अन्वये कबुलीजबाब’ हा प्रयोग मी कुठे ना कुठे वाचलेला आहे, हेही तितकेच खरे. नुसते ‘जबाब’ लिहावे, तर आधीच्या पोलीस जबाबाहून तो वेगळा कसा कळणार? दुसरा जबाब पहिल्यापेक्षा वजनदार असतो, हाच तर लेखकाचा मुद्दा आहे.

दर्भांकुर :
मुळात ‘जबाब’ हाच शब्द टाळावा. अरबीतल्या ‘जवाब’चा तो मराठी अवतार, म्हणजे निव्वळ उत्तर. ठाण्यात हवालदार विचारतो आणि माणूस उत्तर देतो, तिथे तो शोभतो. न्यायासनापुढे जे स्वेच्छेने सांगितले जाते त्याला ‘कथन’ किंवा ‘निवेदन’ म्हणावे. ‘साक्षी’ या शब्दाकडे पाहा. पाणिनीचे सूत्रच आहे, ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’. ज्याने प्रत्यक्ष पाहिले, तो साक्षी. एवढा शब्द घरात असताना आपण फारसी-अरबीच्या दारात कशाला उभे राहावे?

जुना शिरस्तेदार :
संपादकांची लाल रेघ योग्य जागी आहे. गोंधळ होतो याचे कारण असे की कायद्याने एकाच कलमात दोन निराळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम १६४. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १८३ झाले, तरी न्यायालयाच्या आवारात आजही ‘तिचे एकशेचौसष्ट झाले का?’ असेच विचारतात. या कलमाखाली आरोपी गुन्ह्याची कबुली देऊ शकतो, आणि साक्षीदार पाहिलेले सांगू शकतो. कबुली देणारा तो कबुलीजबाब. साक्षीदाराचा तो नुसता जबाब.

हा फरक केवळ नावाचा नाही. आरोपीला शपथ देत नाहीत. कबुली द्यायला तुम्ही बांधील नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, असे दंडाधिकारी त्याला आधी बजावतात. बहुधा विचार करायला वेळही देतात. शेवटी ती स्वेच्छेने दिली असल्याचा दाखला स्वतः लिहून सही करतात. आरोपीने ऐनवेळी नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. साक्षीदाराला मात्र शपथ देता येते, आणि प्रत्यक्षात देतातच. पोलिसांना जबाब घेताना कोणालाही शपथ देण्याचा अधिकार नाही. तुमच्या भाजीवाल्या बाईंच्या दोन जबाबांत शपथ ही पहिली भिंत आहे.

सह्यकडा :
सोपे करून सांगतो. पोलिसांपुढचा जबाब कागदाची किंमतही राखत नाही, न्यायाधीशापुढचा जबाब म्हणजे पक्का पुरावा. एकदा १६४ झाले की साक्षीदार पुढे उलटला तरी आरोपी सुटत नाही. म्हणून सरळ ‘साक्ष नोंदवली’ असे लिहा.

जुना शिरस्तेदार :
सह्यकडा, तुमच्या वाक्याचा पूर्वार्ध अर्धा बरोबर आहे, उत्तरार्ध मुळीच नाही. ‘साक्ष’ तर लिहूच नका. साक्ष होते ती खटल्यात, आरोपीसमोर, आणि त्याच्या वकिलाला उलटतपासणीची संधी देऊन. १६४ च्या वेळी आरोपीचा वकील तिथे नसतोच. त्यामुळे तो जबाब एकट्याच्या बळावर दोषसिद्धीचा आधार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. आरोपीचा कबुलीजबाब मात्र योग्य रीतीने घेतलेला आणि विश्वासार्ह असेल, तर त्याच्या विरोधात स्वतंत्र पुरावा ठरू शकतो. एकाच कलमाखालच्या दोन कागदांचे वजन इतके निराळे आहे. अनुवादात हे दोन शब्द एक केले, तर वाचक आपोआप चुकीच्या तराजूत तोलतो.

नलूताई :
मला या चर्चेत पडायचे नव्हते, पण राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत मारामारी झाली, तेव्हा पोलिसांनी मला ठाण्यात बोलावून जबाब घेतला. लिहिणारे गृहस्थ माझ्याकडे न पाहताच टंकलेखन करत होते. कागद हातात आला तेव्हा पहिले वाक्य असे होते : ‘मी समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देते की…’ मी काही लिहून दिले नव्हते, आणि ‘विचारलेवरून’ हा शब्द तर मी जन्मात उच्चारलेला नाही. शेवटी ‘माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असे छापलेले, आणि त्याखाली माझी सही घेतली. सही केल्यावर तो माझाच झाला ना? मग तो वजनाने कमी कसा? आणि मी तेव्हा प्रतिज्ञापत्र करून ठेवायला हवे होते का?

जुना शिरस्तेदार :
नलूताई, आधी हे आठवून पाहा की तुम्ही फिर्याद दिली होती की जबाब. फिर्यादीवर देणाऱ्याची सही लागते. तपासात घेतलेल्या जबाबावर मात्र देणाऱ्याची सही घेऊ नये, असे कायदाच सांगतो (जुने कलम १६२, आताचे १८१). सही घेतली म्हणून तुमची पुढची साक्ष बाद होत नाही, पण कागदाचे वजनही वाढत नाही. सही नको, याचे कारण तुम्हीच दिलेत. शब्द लिहिणाऱ्याचे, भाषा ठाण्याची आणि सही तुमची, अशा कागदात माणसाला बांधून ठेवू नये. प्रतिज्ञापत्राचा इथे संबंध नाही.

नलूताई :
मग मी स्वतःच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले असते, तर?

जुना शिरस्तेदार :
परत पाठवले असते. ओरिसातील एका प्रकरणात चार माणसे अशीच थेट गेली होती, आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपास यंत्रणेने पुढे न आणलेला साक्षीदार आपल्या मनाने १६४ चा जबाब नोंदवायला जाऊ शकत नाही. नाहीतर आरोपीचे हितचिंतक रांग लावून आपापल्या हकीकती कागदावर आणतील. नेहमीच्या रीतीत तपास अधिकारी अर्ज करतो आणि नेमलेले दंडाधिकारी साक्षीदाराला दालनात बोलावतात. पोलिसांना बाहेर थांबवतात आणि कोणाचा दबाव आहे का, हे आधी विचारतात. मगच शपथ, कथन, वाचून दाखवणे आणि सही.

दर्भांकुर :
पाहा, शिरस्तेदारांच्याही लेखणीतून ‘कथन’च उतरले.

जुना शिरस्तेदार :
तिथे मी क्रियेचे नाव लिहिले, कागदाचे नव्हे. पण मुद्दा मान्य.

रेघोटी :
एक विचारते. माझ्या लेखातील बाई पुढे न्यायालयात उलटल्या. मग ‘अधिक वजन’ नेमके कशात उरले?

जुना शिरस्तेदार :
याचे उत्तर तुमच्याच बाईंना उभे करून देतो. समजा, दोन्ही जबाबांत त्या म्हणाल्या होत्या, ‘कोयता घेऊन पळताना मी त्याला पाहिले.’ खटल्यात त्या म्हणतात, ‘त्या दिवशी मी गाडी लावलीच नव्हती.’ सरकारी वकील त्यांना फितूर ठरवून उलट प्रश्न विचारण्याची परवानगी मागतात.

आधी पोलीस जबाब. ते एक वाक्य त्यांना वाचून दाखवले जाते. त्या म्हणतात, ‘असे मी सांगितले नाही. पोलिसांनी का लिहिले, ते मी सांगू शकत नाही.’ हे उत्तर मी इतक्या वेळा टिपून घेतले आहे की झोपेतही लिहून दाखवीन. त्या वाक्याला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण होते. पुढे तपास अधिकारी पिंजऱ्यात येऊन, बाईंनी असेच सांगितले होते, असे म्हणतो. हाती काय लागले? साक्षीदाराच्या बोलण्यात विसंगती आहे, एवढेच.

आता १६४ चा जबाब. सही दाखवल्यावर ‘माझी नाही’ म्हणणे अवघड असते. त्या म्हणतात, ‘पोलिसांनी पढवले तसे मी बोलले.’ पण पोलीस दालनाबाहेर होते आणि दबाव नसल्याचे बाईंनी स्वतः सांगितले, असे दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलेले असते. शपथेवर एकदा हे आणि एकदा ते, म्हणजे खोट्या साक्षीच्या कारवाईची टांगती तलवारही आली. तरीही कोयता कोणाच्या हातात होता, हे त्या कागदाने सिद्ध होत नाही.

खरा फरक बाई ठाम राहिल्या तर दिसतो. तेव्हा सरकार पक्ष १६४ चा जबाब त्यांच्या साक्षीला पुष्टी म्हणून पुढे करू शकतो. पोलीस जबाब त्यासाठी वापरताच येत नाही; तो चालतो फक्त खोडून काढण्यासाठी. मात्र जबाब आधी बांधून घेतलेल्या साक्षीदाराकडे न्यायालये सावधपणेही पाहतात, कारण मागे फिरण्याची वाट बंद झाल्याने तो खोट्यावरही अडून राहू शकतो. घटनेनंतर दोन महिन्यांनी जबाब घेतला असेल, तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तोच असतो, इतके दिवस कुठे होतात?

सह्यकडा :
माघार घेतो, पण पूर्ण नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडित व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल, तर तिचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब हीच सरतपासणी, म्हणजे तिच्या बाजूच्या वकिलाने आधी घ्यायची तपासणी, धरतात आणि थेट उलटतपासणी होते, असे २०१३ च्या दुरुस्तीत आले होते. मग तिथे ‘साक्ष’ शब्द चुकीचा कसा?

जुना शिरस्तेदार :
तिथे तुमचे बरोबर आहे. मात्र उलटतपासणी होईपर्यंत ती अर्धीच साक्ष आहे, असे मी म्हणेन.

पाणवठा :
आमच्या गावी एका भाजलेल्या सुनेचा जबाब तहसीलदारांनी रुग्णालयात घेतला होता. तोही दंडाधिकाऱ्यांपुढचाच ना?

जुना शिरस्तेदार :
तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी. तो मृत्युपूर्व जबाब. कलम निराळे आणि तोलही निराळा. १६४ साठी न्यायदंडाधिकारीच लागतात. म्हणून रेघोटी, तुमच्या अनुवादात ‘न्याय’ ही दोन अक्षरे गाळू नका.

रेघोटी :
सध्या ‘न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर दिलेला जबाब’ असे लिहून पाठवते. लांब आहे, पण पोलीस जबाबापासून वेगळे करणारा शब्द त्यातच आहे.

दर्भांकुर :
‘शपथपूर्वक कथन’. दोनच शब्द, आणि दोन्ही आपले.

नलूताई :
माझ्या बाबतीत ते असे झाले असते, ‘विचारलेवरून शपथपूर्वक कथन लिहून देते की’. नको. आणि हो, कागद शोधून पाहिला. वर ‘फिर्याद’ नाही, ‘जबाब’च लिहिले आहे, आणि सही माझीच आहे.