अनुभव हवेत: भिंतीला भोकं पाडायला घरमालकाची परवानगी कशी मागितली?

कोथरूडला भाड्याने राहतो, ११ महिन्यांचा करार. पुस्तकं जमिनीवर पडून होती, म्हणून घरमालक काकांना हे पाठवलं:

"काका, सप्रेम नमस्कार. हॉलमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर तीन फुटी दोन फळ्या लावायची परवानगी हवी होती. एका फळीला दोन ब्रॅकेट, एका ब्रॅकेटला दोन स्क्रू, म्हणजे एकूण आठ भोकं, ८ मिमीची. जागा पेन्सिलने आखून फोटो जोडलाय. घर सोडताना गिट्ट्या काढून भोकं बुजवून रंग माझ्या खर्चाने लावून देईन. आपण हो म्हणाल तरच काम करीन."

काकांचा संध्याकाळी फोन आला, म्हणाले लाव, पण स्विचबोर्डच्या सरळ वर नको, वायरचा पाइप तिथूनच जातो. माझी एक फळी नेमकी तिथेच आखलेली, फोटो पाठवला म्हणून कळलं, ती दीड फूट सरकवली. तुमचे अनुभव सांगा.

धायरीची ताई: आम्ही नुसतं "शेल्फ लावू का" विचारलं होतं, ते हो म्हणाले आणि जाताना डिपॉझिटमधून अख्ख्या खोलीच्या रंगाचे पैसे कापले. भोकं किती ते आमच्याकडे लेखी नव्हतंच.

पेठेतला: एवढं काय त्यात, व्हाइट सिमेंट भरायचं की झालं, मी दरवेळी तेच करतो.

रंगकाम करणारा: दादा, भोक बुजतं पण डाग राहतो. आधी गिट्टी काढा, पुट्टी एकदम ठासू नका, सुकताना आत बसते आणि खळगा पडतो. एक हात द्या, सुकू द्या, मग दुसरा, पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंग. तीन वर्षं जुन्या भिंतीवर त्याच शेडचा ठिपका मारला तरी उन्हात वेगळा दिसतोच. म्हणून पत्रात "रंग लावून देईन" एवढंच लिहू नका, ठिपका की पूर्ण भिंत ते लिहा, आणि शेडचा नंबर आत्ताच मागून घ्या.

वाकडवाली: आमच्या एसीसाठी कोअर कटिंग करायचंय, त्यालाही असंच पत्र चालेल का?

रंगकाम करणारा: त्याला सोसायटीलाही विचारा ताई, ते भोक बाहेरच्या भिंतीतून आरपार जातं.

बाणेरचा: भिंत कसली आहे ते बघा. पहिल्या भोकातून लाल भुकटी आली तर वीट. पांढरट आणि मऊ आली तर सिपोरेक्स, त्यात हॅमर बंद ठेवून ड्रिल करा नाहीतर भोक मोठं होतं, साधी गिट्टी गोल फिरत राहते. माझी फळी पुस्तकांसकट खाली आली आणि मुठीएवढा पोपडा निघाला. आठ भोकं बुजवायचं कबूल केलं होतं, हा खड्डा भरायला गवंडी आणावा लागला.

धागाकर्ता: आमच्याकडे लाल आली. काकांना परत मेसेज केलाय की पूर्ण भिंतीला एक हात देईन, शेडचा नंबर कळवा. नंबर त्यांनाही आठवत नाहीये, माळ्यावर जुना डबा आहे का बघतो म्हणालेत.