रिक्रूटरला अधूनमधून काय लिहायचं?

"नोकरी बदलायची नसताना रिक्रूटरला उगाच मेसेज काय करणार? 'हाय, कसे आहात' एवढंच?"

नुसतं 'कसे आहात' नकोच, त्याला ते बिचारे उत्तर तरी काय देणार? त्यांच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढचा एखादा रकाना बदलेल असं काहीतरी लिहा. उदाहरणार्थ: "सध्या बदल नकोय. मार्चपासून टीम लीड आहे, काम जावावरून डेटा इंजिनिअरिंगकडे वळलंय. नोटीस पिरियड आता ९० दिवस. खराडी, विमाननगर चालेल. रोज हिंजवडी नको." बास. वर्षातून फार तर दोनदा, किंवा असा काही बदल झाला की.

नोटीस पिरियड मात्र आवर्जून कळवा. क्लायंटला महिन्याभरात माणूस हवा असतो, रिक्रूटरकडे तुमची जुनी ३० दिवसांची नोंद असते, आणि ऑफरच्या वेळी ते तोंडघशी पडतात. मग पुढच्या वेळी फोन येत नाही.

असे रिक्रूटर तीन-चार पुरेत. न विचारता तुमचा सीव्ही कंपनीला पाठवणारा मात्र यादीतून बाद करा. तोच सीव्ही दोन एजन्सींकडून गेला की कमिशन कोणाचं यावरून वाद होतो, आणि बऱ्याचदा उमेदवारच बाजूला पडतो.