शब्दचर्चा: रेस्पिरेटरी बर्स्टला ‘श्वसनस्फोट’ म्हणावं का?

खाडीकाठ: एका मुलांच्या वॉर्डसाठी पालकांना द्यायचं पत्रक मराठीत करतोय, आजार क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. त्यात रेस्पिरेटरी बर्स्ट आलं, मी ‘श्वसनस्फोट’ केलं. कळव्याच्या एका आईला वाचून दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, बाळाचं फुप्फुस फुटतं का हो? काय लिहू?

अक्षरवेडा: श्वसनस्फोट बरोबरच आहे, मूळ शब्दाला धरून आहे. आई घाबरते म्हणून शास्त्राचा शब्द पातळ करायचा का? आणि ग्रॅन्युलोमाला ‘कणार्बुद’ लिहा.

लॅबवाली: अर्बुद नको हो, घरचे लगेच कॅन्सर समजतात. आणि श्वसनाचं म्हणाल तर त्या नावातच घोळ आहे. 1933 मध्ये दिसलं की पांढऱ्या पेशी जंतू गिळताना ऑक्सिजन एकदम जास्त ओढतात, तेव्हा वाटलं गिळायला ताकद लागते म्हणून पेशी जास्त श्वास घेतेय. पुढे कळलं की सायनाइड घातलं तरी हे थांबत नाही, म्हणजे नेहमीचं पेशीचं श्वसन नव्हेच ते. जंतू ज्या पिशवीत अडकतो तिच्या भिंतीवरचं एक एन्झाइम ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं, त्यातून सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. या आजारात तेच एन्झाइम चालत नाही. गिळणं होतं, मारणं होत नाही.

कोपरीचा बाळू: आमच्या वडिलांना जुना दमा आहे, थंडीत असाच अटॅक येतो, त्यालाच बर्स्ट म्हणतात का?

खाडीकाठ: नाही दादा, दम्याशी याचा संबंध नाही. पण बघा, नावाने तुम्हीही फुप्फुसाकडेच गेलात, माझी अडचण हीच आहे.

घणसोलीकर: सोपं आहे, ज्या जंतूंकडे कॅटलेज असतं ते पेरॉक्साइड मोडून टाकतात म्हणून तेच या मुलांना त्रास देतात. स्टॅफ, सेरेशिया, नोकार्डिया, बर्खोल्डेरिया आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी. कॉलेजात पाठच करून घेतलं होतं.

लॅबवाली: अर्धं बरोबर. युक्तिवाद असा की स्ट्रेप्टोकॉकससारखा जंतू स्वतःच पेरॉक्साइड सोडतो आणि ते मोडत नाही, म्हणून आजारी पेशीही त्याचंच हत्यार त्याच्यावर वापरते, कॅटलेजवाला ते हत्यार आधीच मोडून टाकतो. ऐकायला छान आहे, पण कॅटलेजचं जीन काढून टाकलेले स्टॅफ आणि अ‍ॅस्परजिलस हा आजार असलेल्या उंदरांना दिले तरी उंदीर आजारी पडलेच. शिवाय कॅटलेज असंख्य जंतूंकडे असतं, ते सगळे कुठे त्रास देतात? नेमके हेच का, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. पत्रकात कॅटलेज हेच कारण असं ठामपणे लिहू नका.

ऐरोलीची मावशी: माझ्या बहिणीचा मुलगा, चार वर्षांचा. ताप जाईना, सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पू, त्यात स्टॅफ निघाला. पांढऱ्या पेशींचा आकडा तर चांगला वाढलेला, सगळे म्हणाले प्रतिकारशक्ती उत्तम आहे की. पुढे काही महिन्यांनी फुप्फुसात बुरशी, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि परळला रक्त पाठवलं. रिपोर्टवर दोन आलेख होते, त्याचा आणि बहिणीचा, आणि बहिणीच्या आलेखात दोन उंचवटे.

लॅबवाली: ती डीएचआर टेस्ट. पेशी चेतवतात, पेरॉक्साइड तयार झालं की आतला रंग चमकतो. त्याच्या पेशी चमकल्या नसतील. आईचे दोन उंचवटे म्हणजे तिच्या काही पेशी चमकतात, काही नाही, म्हणजे दोष एक्स क्रोमोसोमवरचा आणि तो तिच्याकडून आलाय. पेशींचा आकडा इथे फसवतोच, कारण संख्या ठीक असते, काम बंद असतं. लहान मुलाच्या लिव्हरमध्ये स्टॅफचा पू निघाला तर हा आजार मनात यायलाच हवा. मावशी, बहिणीच्या बाकीच्या मुलांचीही तपासणी करून घ्या.

ऐरोलीची मावशी: मुलगी आहे, तिचंही करतो. आता त्याला रोज कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीचं औषध चालू आहे. आणि माती, पालापाचोळा, खत यांच्यात खेळू द्यायचं नाही असं सांगितलंय, त्याला येऊरला न्यायचं पण आम्ही बंद केलं.

लॅबवाली: सडलेल्या पाचोळ्याबद्दल बरोबर सांगितलंय. तो उकरताना बुरशीचे बीजाणू ढिगाने उडतात आणि अशा मुलाला काही दिवसांतच ताप आणि धाप लागू शकते.

खाडीकाठ: बीजाणू हा शब्द तरी पालकांना कळेल का?

अक्षरवेडा: कळेल की, शाळेत असतो. मुद्द्यावर या, श्वसनस्फोट नाही तर काय?

घणसोलीकर: ‘ऑक्सिजनचा भडका’. भडका उडतो, विझतो, आणि फुप्फुस मध्ये येत नाही.

अक्षरवेडा: भडका आगीचा असतो, डोक्याचा असतो. वैद्यकीय लेखनात बसत नाही.

ऐरोलीची मावशी: आमच्या डॉक्टरांनी हाताने दाखवलं होतं, पेशी जंतूला पकडते पण मारू शकत नाही. बहिणीला तेवढंच कळलं आणि तेवढ्यावर ती रोजची गोळी चुकवत नाही.

खाडीकाठ: मग बर्स्ट हा शब्दच पत्रकातून काढू का?

अक्षरवेडा: अजिबात नको, उद्या त्यांनी इंटरनेटवर शोधलं तर काय शोधतील?