मदत हवी आहे: अहवालाच्या सारांशात अट कुठे लिहावी?

भिवंडीच्या गोदामातून मुंबईत जाणाऱ्या मालाच्या उशिरावर ४२ पानांचा अहवाल तयार आहे. वर एकच परिच्छेद हवा, १०० शब्दांच्या आत, तक्ता नको. वरिष्ठ तो बैठकीला जाताना मोबाइलवर वाचतात आणि बहुतेकदा तेवढाच वाचतात.

पहिला मसुदा मी पार्श्वभूमी आणि माहिती कशी गोळा केली यापासून सुरू केला होता. साहेबांनी विचारलं, "मग आम्ही ठरवायचं काय?" म्हणून आता सुरुवात अशी केली आहे:

"रात्रपाळीत माल भरण्यासाठी दरमहा १.८ लाख रुपयांच्या खर्चाला मंजुरी हवी. त्यामुळे उशिराचा दंड दरमहा सुमारे ३ लाखांनी कमी होईल. उशिरा पोहोचलेल्या ३१ फेऱ्यांपैकी २२ गोदामातूनच उशिरा निघाल्या."

अडचण अशी की ३ लाखांचा आकडा दोन मोठ्या ग्राहकांनी सकाळी ७ च्या आत माल उतरवून घेतला तरच खरा. एकाचा होकार आलाय, दुसऱ्याचा बाकी आहे. तो नाही म्हणाला तर बचत १.५ लाखांवर येते, म्हणजे खर्चही निघत नाही.

ही अट शेवटी लिहिली, तर वाचून दाखवलेल्या सहकाऱ्याने ३ लाख पक्केच धरले. पहिल्याच वाक्यात घातली, तर वाक्य लांबलं आणि नेमकी मागणी काय तेच त्याला सापडेना. दुसऱ्या ग्राहकाचं उत्तर येईपर्यंत थांबता येणार नाही.

अशा वेळी मंजुरीच सशर्त मागावी, की आकड्याच्या वाक्यात ३ आणि १.५ लाख दोन्ही द्यावेत?