मदत हवी आहे: १००० ताटांचं लग्न, १५० चा दर सांगून बसलोय, हिशोब कुठं चुकालाय?

मांजराकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं लातूरला छोटं केटरिंग आहे. आजवर वाढदिवस, वास्तुशांत, फार तर ३०० ताटांची कामं केली. आता वैशाखातलं एक लग्न आलंय, निलंगा तालुक्यातल्या गावात, इथून एका बाजूनं ४८ किलोमीटर. पाहुणे म्हणतात १००० ताटं. बसून पंगत, एका वेळी २५० पानं, म्हणजे चार पंगती. मेनू नेहमीचाच: पुरी, येसर आमटी, भात, वांग्याची भाजी, मटार-पनीर, भजी, बुंदी, कोशिंबीर, पापड, मठ्ठा.

मी असा हिशोब लावला. किराणा, भाजी, दूध-दही, पनीर मिळून ६८,६००. आचारी आणि त्याची माणसं १४,०००. वाढपी २५, माणशी ५०० प्रमाणं १२,५००. गॅसच्या १९ किलोच्या पाच टाक्या ९,०००. गाडी ६,०००. पत्रावळी, द्रोण, ग्लास, पाण्याचे जार ९,०००. एकूण १,१९,१०० झाले. म्हणजे ताटाला ११९. त्यावर वाया जाण्याचे १० टक्के आणि वर १५ टक्के नफा धरून १५० सांगितले.

आता दोन गोष्टी झाल्यात. गावातल्याच एकानं १३५ सांगितलेत. आणि मुलीचे मामा म्हणालेत, "तुम्ही सध्या ७०० धरा, जास्त आले तर बघू." मागच्या ३०० ताटांच्या कामात शेवटी हातात ४,००० राहिले होते, तेही बायको आणि आई दोन दिवस राबल्यावर. त्यामुळं पोटात गोळा आलाय. कुठं चुकतंय?

बालाघाटी

भाऊ, एवढा विचार कशाला करालाय? आमच्या वडलांपासूनचं गणित सोपं आहे, किराणा-भाजीच्या दुप्पट. तुमचं सामान ताटाला ६९, म्हणजे १३८ घ्या, विषय संपला. त्या १३५ वाल्याचाही तोच हिशोब असणार.

नांदेडची_मेस

१००० माणसाला ९० किलो तांदूळ पुरे होतो, साधा भात असेल तर १०० धरा. आमच्या मेसमध्ये पोरं जास्त खातात, तिथं माणशी दीडशे ग्रॅम लागतो. पुरीला १०० किलो कणीक. अजून काही लागलं तर विचारा.

मांजराकाठचा

ताई, सामानाचं प्रमाण आचाऱ्यानं काढून दिलंय, तुमच्या आकड्याला जुळतंय. माझा प्रश्न दराचा आहे.

नांदेडची_मेस

हो का, मी वरचं नीट वाचलंच नाही. पण पनीर ४० किलोच्या वर घेऊ नका बरं का, उन्हाळ्यात टिकत नाही.

पंगतीतला_म्हातारा

लातूर, बीड, परभणी मिळून तीसेक वर्षं हेच केलं, आता मुलगा बघतो. मांजराकाठ, तुमची बेरीज बरोबर आहे, चूक भागाकारात आहे. तुम्ही सगळा खर्च १००० नं भागला. पण सगळा खर्च काही ताटाबरोबर कमी-जास्त होत नाही.

दोन ढीग करा. पहिल्यात माणूस वाढला की वाढणारा खर्च: सामान आणि पत्रावळ-पाणी. तुमचे ७७,६००, म्हणजे ताटाला ७८ धरा. बाकी सगळं दुसऱ्यात. आचारी ७०० ला बोलावला काय आणि १००० ला, तेवढेच घेणार. गाडी तेवढीच. भट्ट्या पेटल्या की गॅस जातोच, दोन-चारशे माणसांनी फार तर एखादी टाकी इकडं-तिकडं.

वाढप्यांचं मात्र सगळ्यांना कळत नाही. वाढपी एकूण ताटांवर ठरत नाहीत, एका पंगतीत किती पानं पडतात त्यावर ठरतात. २५० च्या पंगतीला २५ लागणारच. ७०० आले तर एक पंगत कमी होईल, माणसं काही परत जाणार नाहीत, मजुरी पूर्ण घेणार.

आता या दुसऱ्या ढिगात तुम्ही काय विसरलात ते सांगतो. भांडी आणि भट्टी आदल्या संध्याकाळी पोचवावी लागतात, भाजी-दूध सकाळी. म्हणजे गाडीची एक खेप वाढली, ३,५०० धरा. कढया, गंज, परात तुमच्याकडं ३०० माणसांपुरतेच असणार, बाकीच्यांचं भाडं ५,०००. आपलीच तीस-पस्तीस माणसं दोन वेळ जेवतात, चहा पितात, २,५००. आणि वैशाखात गावात पाणी कोण देणार? टँकर १,५००. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यापासून मी पाणी वेगळ्या ओळीत लिहितो. जारचं पाणी प्यायला, पण तांदूळ धुवायला आणि भांडी घासायला काय वापरणार?

मांजराकाठचा

काका, टँकर डोक्यातच आला नव्हता. कार्यालयात नळ असतो ना, त्याची सवय. मग ते १० टक्के वाया जाण्याचे धरलेत त्यातून हे भागत नाही का?

पंगतीतला_म्हातारा

नाही भागत. दहा टक्के तुम्ही गाडीवर आणि आचाऱ्याच्या मजुरीवरही लावलेत, गाडी कुठं वाया जाते? वाया जाणं तीन जागी होतं. एक निवडण्यात: वाटाणा शेंगांचा घेतला तर सोलून निम्माच हाती येतो. ते खरेदीच्या वजनातच धरायचं. दुसरं ताटात टाकलेलं. ते तुमच्या माणशी प्रमाणात आधीच बसलंय, ९० किलो तांदूळ सगळा पोटात जात नाही. दरात वेगळं धरायला उरतं ते तिसरं, पातेल्यात उरलेलं.

आणि पातेल्यातलं सगळ्या पदार्थांचं सारखं नसतं. पुरी पंगत बसल्यावर तळायची, कणीकही दोन वेळा भिजवायची, तिथं नुकसान जवळपास नाही. भात दोन-तीन घाण्यांत शिजवायचा, शेवटचा घाणा तिसरी पंगत बसलेली बघून चढवायचा. बुंदी दुसऱ्या दिवशीही चालते. धोका पनीरच्या भाजीचा आणि आमटीचा, ते आधीच करून ठेवावं लागतं आणि बेचाळीस डिग्रीत दुपारनंतर कुणाला देता येत नाही. म्हणून आमटी, भाज्या आणि पहिला भात एवढंच ५० माणसांचं जास्तीचं धरा, माणशी ५० रुपयांनी २,५००. तुमच्या १० टक्क्यांचे जवळपास १२,००० होत होते.

आता बेरीज. तुमचे आचारी, वाढपी, गॅस, गाडी मिळून ४१,५००, विसरलेले १२,५००, जास्तीचं जेवण २,५००. दुसरा ढीग ५६,५००. हा माणसं कितीही येवोत, जातोच. १००० ताटांना वर ७७,६००, ताटाला १३४ पडले. ७०० ताटांना ५६,५०० अधिक ५४,३२०, ताटाला १५८. म्हणजे मामांचं ऐकून १५० नंच ७०० ताटं केली तर ताटामागं आठ रुपये तुम्ही लग्नाला आहेर करताय.

बालाघाटी

काका, पण माझ्या दुप्पटच्या हिशोबानं १३८ येतात, तुमच्या १३४ पेक्षा जास्तच की.

पंगतीतला_म्हातारा

चार रुपये जास्त, तेही पूर्ण १००० आले तर. दुप्पटचा नियम खोटा नाही, जवळचं कार्यालय असेल आणि भांडी घरची असतील तर बसतो. ४८ किलोमीटरवर, टँकर-भाड्यात तो कोलमडतो. आणि पिठलं-भाकरीच्या मेनूला लावून बघा, सामान स्वस्त, पण भाकरी थापणाऱ्या बायांची मजुरी दुपटीत बसतच नाही.

परभणीकरीण

काकांच्या दुसऱ्या ढिगात अजून एक ओळ हवी. दादा, तुम्ही लिहिलंत बायको आणि आई दोन दिवस राबल्या. येसराचा मसाला कोण भाजणार, कोण कुटणार? बाहेरून बाई लावली असती तर मजुरी दिलीच असती ना? आम्ही बचत गटातून ऑर्डर घेतो तेव्हा स्वतःचीही मजुरी लिहितो. तुमचे ते ४,००० नफा नव्हताच, घरच्यांची मजुरी होती, आणि तीही कमीच.

मांजराकाठचा

ताई, हे वाचून बायकोनं फोन हातातून घेतला आणि दोनदा वाचलं. आता ती ओळ कायमची आली.

काका, सर्वात जास्त भीती वेगळीच आहे. समजा मामा म्हणाले १०००, मी १००० चं शिजवलं आणि आले ७००च?

पंगतीतला_म्हातारा

तर सामान पूर्ण ६८,६०० चं गेलं, पत्रावळ-पाणी ७०० चं ६,३००, वर ५६,५००. खर्च १,३१,४००. तुम्ही ७०० ताटांचे १५० प्रमाणं मागणार १,०५,०००. साडेसव्वीस हजारांच्या आसपास खड्डा. न तळलेली कणीक आणि न चढवलेला भात वाचेल, तेवढा कमी.

म्हणून दर सांगण्याआधी आकडा बांधून घ्यायचा. ८५० ची हमी घ्या, लिहून, इसार घेतानाच. ८५० ला तुम्हाला ताट १४४ ला पडतं. १६० मागा. त्याच्या वरच्या प्रत्येक ताटाला १२० घ्या, कारण वरच्या ताटाचा तुमचा खर्च फक्त ७८ आहे. तुम्हालाही परवडतं आणि मामांना वाटतं जास्तीची ताटं स्वस्त मिळाली. पक्का आकडा चार दिवस आधी सांगायचा, पनीर आणि भाजीची ऑर्डर त्यानंतरच.

बुफेवाला

आम्ही पंगत बंदच केली. बुफेला निम्मे वाढपी लागतात. ५०० माणसाला दहा जण बस्स.

परभणीकरीण

वाढपी वाचतात, पण लोक स्वतः घेतात तेव्हा पनीर आणि बुंदी दीडपट जाते. शिवाय प्लेट मोजणं अवघड, एकच माणूस दोनदा प्लेट घेतो. आणि खेड्यातल्या लग्नात म्हातारी माणसं हातात ताट धरून उभी राहतील का?

बुफेवाला

शहरात राहतात. गावाकडचं मला माहीत नाही.

बालाघाटी

बरं, मग तो १३५ वाला कसा करतो? तो काय येडा आहे?

पंगतीतला_म्हातारा

तो गावातलाच आहे. गाडी नाही, भांडी स्वतःची, पाणी विहिरीचं. त्याचं ताट ११५-१२० ला पडत असेल. त्याच्या दराशी भांडून उपयोग नाही, भांडायचं तर मेनूवर. पनीर काढलं तर ताटामागं बारा-तेरा रुपये कमी होतात. मात्र तो दुसरा आचारी त्याच तिथीला अजून एक लग्न धरून बसला असेल तर वेगळी गोष्ट, ते चौकशी करून बघा.

मांजराकाठचा

मंडळी, आज बैठक झाली. पनीर काढा म्हटलं तर मुलीची आई नाही म्हणाली, "पनीर नसेल तर लोक नावं ठेवतील." शेवटी ८५० ची हमी, १५५ दर, वरच्या ताटाला १२५ असं ठरलं. काकांच्या हिशोबानं ८५० ला नऊ हजार आणि थोडे वर सुटतात, त्यातूनच घरच्यांची मजुरी. १६० वर मामा उठूनच चालले होते, म्हणून खाली आलो.

मोजणी पत्रावळींच्या गठ्ठ्यांवर. १०० चे ११ गठ्ठे दोन्हीकडच्या माणसांसमोर मोजून ठेवायचे, उरलेले रात्री मोजायचे.

एकच राहिलं. मामा म्हणतात पाच वर्षांखालची पोरं धरायची नाहीत. पण पोरापुढंही पत्रावळ पडतेच, आणि पातळ पत्रावळ असली की वाढपी खाली दुसरी घालतो, ती कुणाच्या नावावर? तुमच्याकडं कसं करता?

परभणीकरीण

आम्ही पोरांना वेगळ्या रंगाची छोटी प्लेट देतो आणि तिचे निम्मे पैसे घेतो. पण त्यावरूनही एकदा भांडण झालंय.

पंगतीतला_म्हातारा

दुहेरी पत्रावळीचं मला आजवर जमलेलं नाही. जाड पत्रावळ घ्या, नगाला एक रुपया जास्त जाईल. आणि वरणाच्या बादल्या नि पळ्या मोजून द्या, परत मोजून घ्या, चौथ्या पंगतीनंतर दोन-तीन हमखास गायब असतात.