आजोबा संडासवाटे रक्त जातंय ते लपवतायत. डॉक्टरकडे कसं न्यावं, आणि कोणाकडे?

सईची_वही
आजोबा ७१ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. आजी गेल्यापासून साताऱ्यात एकटेच राहतात. परीक्षा संपवून मी महिनाभर त्यांच्याकडे आलेय.

पहिल्याच आठवड्यात खटकलं ते कपड्यांवरून. जन्मभर पांढऱ्या पट्टेरी चड्ड्या घालणारा माणूस, आता सगळ्या गडद निळ्या. पहाटे उठून स्वतः धुतात आणि अंगणातल्या दोरीवर न घालता मोरीत वाळवतात. परवा फ्लश नीट गेला नव्हता, पाणी लालसर होतं. विचारलं तर म्हणाले, "बीट खाल्लं." मी आल्यापासून घरात बीट आलेलं नाही. पुन्हा विचारलं तर, "मूळव्याध गं. बत्तीस वर्षं इंजिनावर बसलोय, ड्रायव्हरला व्हायचीच." वर बाबांना सांगायचं नाही म्हणून शपथ.

जनरल सर्जनकडे न्यावं, पोटाच्या डॉक्टरांकडे, की स्टँडजवळ 'विना ऑपरेशन मूळव्याध' अशी पाटी आहे तिथे? ते तिथे एकदा पुडी आणायला जाऊन आलेत असा मला संशय आहे.

कोकणचा_बाप्या
घाबरू नका. मला सहा वर्षं मूळव्याध आहे. रोज ताक, सुरण, रात्री कोमट पाण्यात बसायचं. तिखट बंद. झकास चाललंय.

दिगू_अण्णा
रंग बघा. लाल असेल तर खालचं असतं, म्हणजे मूळव्याधच. काळं असेल तरच घाबरायचं.

मीरा_के
ताई, तुमचं वय काय? तरुण मुलींना बद्धकोष्ठतेने चीर पडते, जाताना काच फिरल्यासारखं दुखतं. मलम लावा.

सईची_वही
मला नाही हो, आजोबांना. त्यांचं काही दुखत नाही म्हणतात.

निवृत्त_सिस्टर
एंडोस्कोपी विभागात एकवीस वर्षं होते, म्हणून लिहिते.

दिगू अण्णांचं अर्धं बरोबर आहे. रंगावरून रक्त साधारण कुठून येतंय ते कळतं, कशामुळे येतंय ते नाही. गुदाशयातली गाठही लालच रक्त देते. आणि मूळव्याध सापडली म्हणून वर काही नाही असं होत नाही, दोन्ही एकाच माणसात असलेले मी पाहिलेत. ड्रायव्हर असण्याने वरची गाठ टळत नाही. दुखत नाही यावरही विसंबू नका. काळंकुट्ट, डांबरासारखं चिकट झालं तर रक्त बहुधा वरून, जठराच्या बाजूने येतंय. तसं झालं, भळभळा गेलं किंवा चक्कर आली तर त्याच रात्री दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, तेवढं आधी विचारा.

त्यांना विचारायचं असं: रक्त शेवटी टपटप पडतं की मळात मिसळलेलं असतं? शेंबडासारखी आव पडते का? जाऊन आल्यावर पुन्हा लागल्यासारखं वाटतं का? जायच्या वेळा बदलल्यात का? वजनाचं विचारू नका, पट्टा किती भोकं आत गेला ते बघा.

पण तोंडाने विचारू नका. नातीला हे सांगणं त्यांच्याच्याने होणार नाही. प्रश्न कागदावर लिहा, उत्तराला जागा सोडा आणि सांगा, हा कागद मी वाचणार नाही, तुम्ही घडी घालून डॉक्टरांच्या हातात द्या.

आधी जनरल सर्जन. बोटाने तपासतील, प्रॉक्टोस्कोप घालतील, दहा मिनिटांचं काम. पण ती नळी चार बोटं आतपर्यंतच बघते. या वयात तिथे थांबू नका, कोलोनोस्कोपीचं विचारा. हिमोग्लोबिनही करून घ्या.

वाईचा_वाटसरू
आमच्या वडिलांना आम्ही चौघांनी मिळून घेरलं होतं, कॅन्सर असेल म्हणून घाबरवलं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून गावी निघून गेले. तुमची सिस्टरची युक्ती बरी वाटते, पण चालेलच असं नाही.

सईची_वही
(चार दिवसांनी)
चालली, पण वेगळ्याच वाटेने. कागद दोन दिवस टीव्हीवर पडून होता. काल दुधाचा हिशोब करायला भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. काही तारखांच्या कोपऱ्यात निळ्या पेनाचे बारीक ठिपके. जानेवारीत तीन, मार्चमध्ये सात, मे महिन्यात चौदा. दूधवाला तर रोज येतो.

मी काहीच बोलले नाही. कॅलेंडर त्यांच्यासमोर ठेवलं आणि चहा टाकायला गेले. बाहेर आले तर म्हणाले, "लॉगशीट आहे. गाडीत बिघाड असला की ड्रायव्हर लिहून ठेवतो." मी म्हटलं, "आणि ते लॉगशीट डेपोत देत नाही का?" बराच वेळ कपातली साय बोटाने बाजूला करत बसले. मग म्हणाले, "तू आत यायचं नाहीस. बाहेर बस." एवढीच अट.

आज सर्जनकडे जाऊन आलो. मी बाहेरच होते. डॉक्टरांनी कॅलेंडरची पानं फोटो काढून घेतली म्हणे. मूळव्याध आहे, पण लहान, एवढं रक्त त्यातून जाईल असं त्यांना वाटत नाही. हिमोग्लोबिन ८.६. बुधवारी कोलोनोस्कोपी. आजोबा अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायची गोळी घेतात, ती बंद करायची का?

निवृत्त_सिस्टर
स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ती गोळी आहे हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांनाही कळू द्या, ते ठरवतील. लोहाची गोळी लगेच सुरू करायला सांगितली असेल तर विचारून घ्या, तपासणीआधी सहसा काही दिवस थांबवतात, कारण मळ काळा आणि चिकट होतो, आतलं दिसत नाही.

दोन दिवस आधीपासून बिया, पालेभाजी, भाकरी नको. आदल्या दिवशी पातळच. लाल सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात देतील, बहुतेक अर्धी रात्री, अर्धी पहाटे. लोक पहाटेची टाळतात आणि तिथेच घोटाळा होतो. शेवटी पिवळसर पारदर्शक पाणी पडलं पाहिजे. गढूळ असेल तर फोन करून सांगा. कमोडजवळ खुर्ची आणि रात्रभर दिवा ठेवा, हिमोग्लोबिन कमी आहे, पडतील.

सईची_वही
(बुधवारी रात्री)
झालं. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला देठावरची गाठ होती, सुमारे दोन सेंटिमीटर. तारेचा फास टाकून देठातून काढली आणि तपासणीला पाठवली. दिसायला देठ स्वच्छ वाटतो म्हणाले, पण रिपोर्टशिवाय काही सांगणार नाहीत. त्यावरच ठरेल की पुढे नुसती कोलोनोस्कोपीच करत राहायची की आणखी काही. पुन्हा रक्त दिसलं तर लगेच यायला सांगितलंय.

बाबांना आजोबांनीच फोन केला. "गाडीतला एक स्पेअर पार्ट काढलाय," म्हणाले. बाबांना काही कळेना, मग मला सगळं सांगावं लागलं. रिपोर्ट पुढच्या सोमवारी. कॅलेंडरवर त्या तारखेला आजोबांनी ठिपका नाही, गोल काढलाय.

कोकणचा_बाप्या
सिस्टर, एक विचारू? माझं वय ५४. सहा वर्षांत मी तपासून असं कधी घेतलंच नाही, औषधवाल्यानेच मूळव्याध म्हणून सांगितलं होतं.

निवृत्त_सिस्टर
ताकाने रक्त थांबलं का?

कोकणचा_बाप्या
थांबलं असं नाही म्हणता येणार. अधूनमधून असतंच.

निवृत्त_सिस्टर
मग सईचा कागद तुम्हीही भरा आणि उद्या सकाळी सर्जनची वेळ घ्या. ताक पिऊन गेलात तरी चालेल.